इंटरनेट नव्या फ्लॅटवर हलवण्याचा अर्ज: आधी केबल लावून स्पीड मोजा

नाव, ग्राहक क्रमांक, रजिस्टर्ड मोबाइल हे अर्जात सगळेच लिहितात, त्यात वेळ घालवत नाही. ही यादी एकाच गोष्टीसाठी आहे: अर्ज देण्याआधी जुन्या घरात लॅन केबल लावून स्पीड मोजा आणि तो आकडा अर्जात लिहा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. कनेक्शन एकदा हललं की जुन्या जागेचा आकडा परत मिळत नाही.

शिफ्टिंग म्हणजे तीच वायर उचलून दुसरीकडे नेणं नव्हे. फायबर असेल तर नव्या इमारतीत तुम्हाला वेगळ्या स्प्लिटरवर, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीवर, आणि बहुतेक वेळा एक्स्चेंजमधल्या वेगळ्या पोर्टवर जोडतात. तुमचं उपकरण सीरियल नंबरने तिथे पुन्हा नोंदवतात आणि प्लॅनची वेगमर्यादा पुन्हा लावतात. चूक इथेच होते आणि वेग कमी मिळतो. तक्रार केली की उत्तर येतं, ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे.’ जुना आकडा हातात नसेल तर यावर बोलायला काही उरत नाही.

म्हणून केबल. मोबाइलवर वायफायने केलेली टेस्ट धरायचीच नाही. समजा, कोथरूडहून वाकडला जायचंय आणि प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. केबलवर ९४ येतात, हॉलमध्ये मोबाइलवर ३८. अर्जात ३८ लिहिलेत आणि वाकडला लाइन ५० वरच अडकली, तरी तिथल्या वायफायवर ३५ ते ४० दिसतील आणि कंपनी म्हणेल, पूर्वीइतकाच आहे की! तेच ९४ लिहिले असतील तर केबलवरचे ४८ लगेच उघडे पडतात.

मोजताना टीव्ही, बाकीचे मोबाइल आणि व्हीपीएन बंद ठेवा. लॅपटॉप थेट राऊटरला जोडा आणि त्याचं वायफायही बंद करा, नाहीतर टेस्ट त्यावरूनच व्हायची. सकाळी एकदा, रात्री नऊ ते अकरामध्ये एकदा, असं दोन दिवस करा. दर वेळी तारीख, वेळ, सर्व्हरचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि सर्व्हर बदलू नका. २०० चा प्लॅन असून ९४ वरच थांबत असेल तर आधी केबल बदला: तिच्या चारपैकी दोनच जोड्या चालू असल्या किंवा पोर्ट १०० चा असला की आकडा बरोब्बर इथेच अडतो. महिन्याचा डेटा संपून वेग उतरलेला असेल तर ती टेस्ट बाद.

राऊटरचं पान उघडत असेल तर राऊटरवर छापलेल्या पत्त्यावर, बऱ्याचदा तो 192.168.1.1 असतो, Rx Power म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या सिग्नलची ताकद बघून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ म्हणजे काठावर. पान बंद ठेवलेलं असेल तर सोडून द्या. केबलचा आकडा मात्र सोडू नका.

आता अर्ज. मुख्य परिच्छेद असा लिहा: ‘सध्याच्या पत्त्यावर माझ्या १०० एमबीपीएस प्लॅनवर लॅन केबलने अमुक तारखांना घेतलेल्या चार चाचण्यांत ९२ ते ९४ एमबीपीएस वेग मिळाला. स्क्रीनशॉट जोडले आहेत. नव्या पत्त्यावर जोडणी झाल्यावर याच पद्धतीने चाचणी करून, वेग मिळाल्यावरच काम पूर्ण झाल्याची नोंद करावी.’ शेवटचं वाक्य गाळू नका. खाली प्लॅनचे उरलेले दिवस पुढे धरावेत असं लिहा आणि शिफ्टिंगचा खर्च लेखी मागा. तिथे लाइन पोचत नसेल तर कनेक्शन बंद करून डिपॉझिट परत द्यावं, हेही त्यातच. नव्या पत्त्यात विंग, मजला, पिनकोड हवा. अर्ज ईमेलने पाठवा आणि विनंती क्रमांक घ्या. फोनवर सांगितलेलं धरू नका.

त्याआधी नव्या सोसायटीत त्याच कंपनीचं कनेक्शन कुणाकडे आहे का ते विचारा. वायर ओढायला सोसायटीची आणि भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागेल. भाडेकरार, थकबाकी: बघून घ्या.

जोडणीच्या दिवशी तीच केबल, तोच लॅपटॉप, तोच सर्व्हर. टेक्निशियन असतानाच मोजा. आकडा दर वेळी ४८ च्या आसपास ठाम असेल तर बहुधा वेगमर्यादा चुकीची लागलीय, ती ऑफिसातूनच दुरुस्त होते. मध्येमध्ये लाइन तुटते, LOS चा लाल दिवा लागतो, तर वायर कुठेतरी दुमडलीय किंवा जोड कच्चा आहे. वेग फक्त रात्री पडतो तर त्या भागात गर्दी आहे. काम संपल्याचा ओटीपी आकडा बघितल्यावरच द्या, आधी नाही. तुमचा आकडा अर्जात आहे, तोच दाखवा. नाही जमलं तर तक्रार क्रमांक घ्या, मग कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, तेच स्क्रीनशॉट जोडून.