स्टेट डायग्रामच्या फोटोवरून लाँग रन प्रपोर्शन काढताय? या चुका टाळा

मार्कोव्ह चेनची गणितं माझ्याकडे बहुतेक वेळा फोटो काढूनच येतात. तीन गोल, त्यांच्यामधे वाकडे बाण, बाणांवर दशांशातले आकडे, आणि खाली प्रश्न की खूप काळ गेल्यावर प्रत्येक स्टेटमधे किती प्रमाणात वेळ जाईल. सोबत मेसेज असतो की उत्तर जुळत नाहीये, समीकरणं कुठे चुकली बघा. मी बघतो तर समीकरणं व्यवस्थित सोडवलेली असतात. चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली असते, फोटो बघून मॅट्रिक्स लिहिताना, आणि तिथे परत जाऊन बघायला कोणीच तयार नसतं कारण ते काम 'नुसतं उतरवून घेणं' वाटतं.

एकच उदाहरण घेऊन बोलू. A मधून A मधेच राहण्याची प्रोबॅबिलिटी ०.६, A कडून B कडे ०.२, A कडून C कडे ०.२. B कडून A कडे ०.२, B मधेच ०.५, B कडून C कडे ०.३. C कडून B कडे ०.४, C मधेच ०.६, आणि C कडून A कडे बाणच नाही म्हणजे शून्य. बरोबर उत्तर A साठी ०.२, B साठी ०.४, C साठी ०.४.

सेल्फ लूप वाचायच्या ऐवजी 'उरलेलं' भरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

एका मुलीने याच गणिताचा फोटो पाठवला होता. फोटो तिरका, वहीचं पान उजवीकडे वळलेलं, त्यामुळे C चा सेल्फ लूप फ्रेमच्या बाहेर, आणि B च्या लूपवरचा आकडा हाताच्या सावलीत. B आणि C च्या मधे दोन बाण, एक जाणारा एक येणारा, एकावर ०.३ आणि एकावर ०.४, दोन्ही आकडे मधल्या चिंचोळ्या जागेत एकमेकांना चिकटून. तिने ते उलटे वाचले, म्हणजे B कडून C कडे ०.४ आणि C कडून B कडे ०.३. मग लूप दिसत नव्हते तर तिने सरळ हिशोब केला की B मधून बाहेर ०.२ आणि ०.४ जातात, उरले ०.४, तो B चा लूप, आणि C मधून ०.३ जातात, उरले ०.७, तो C चा लूप. प्रत्येक रोची बेरीज १, सगळं छान.

त्यावरून उत्तर आलं ३/१९, ६/१९, १०/१९. म्हणजे C साठी जवळजवळ ०.५३, जिथे खरं उत्तर ०.४ आहे. तिने परत सोडवलं, तेच आलं. कॅल्क्युलेटरवर मॅट्रिक्स टाकून केलं, तेच आलं. उत्तर समीकरणात घालून बघितलं, तंतोतंत बसलं. शेवटी तिचं म्हणणं असं झालं की पुस्तकातलं उत्तरच चुकीचं छापलंय.

इथे नीट बघा काय झालं ते. तिने तीन वेळा तपासलं आणि तिन्ही तपासण्यांना काहीच अर्थ नव्हता, कारण त्या सगळ्या चुकीच्या मॅट्रिक्सवर होत्या. आणि रोची बेरीज १ येते का, ही जी एकमेव तपासणी फोटो वाचण्यातली चूक पकडू शकली असती, ती तिने स्वतःच बाद केली. आपणच १ मधून वजा करून आकडा भरल्यावर बेरीज १ येणारच ना, त्यातून काय कळणार?

मी तिला वही सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढायला सांगितलं. नव्या फोटोत लूप स्पष्ट दिसले, B वर ०.५ आणि C वर ०.६. आता तिच्या वाचनाप्रमाणे B ची बेरीज ०.२ अधिक ०.५ अधिक ०.४ म्हणजे १.१, आणि C ची ०.३ अधिक ०.६ म्हणजे ०.९. एक रो ०.१ ने जास्त, दुसरी बरोबर तेवढ्यानेच कमी. हे दिसलं की बाकी काही शोधत बसू नका, बहुतेक वेळा त्या दोन स्टेट्सच्या मधल्या बाणांचे आकडे अदलाबदल झालेले असतात. एकच रो चुकत असेल तर मात्र एखादा बाण राहिलाय किंवा एखादा आकडा चुकीचा वाचलाय, ०.१ चं ०.७ होणं तर फारच कॉमन.

आता काही डायग्राममधे लूप मुद्दाम काढलेलेच नसतात, तिथे उरलेलं भरावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण मग हे लक्षात ठेवा की तुमच्याकडे बेरजेची तपासणी शिल्लक नाहीये, आणि प्रत्येक बाणाचं टोक झूम करून दोनदा बघायची जबाबदारी तुमची. लूप काढलेलाय पण फोटोत नीट दिसत नाही, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे नवीन फोटो मागवा, अंदाज नको.

माझी स्वतःची सवय अशी आहे की मॅट्रिक्स लगेच लिहायचीच नाही. आधी साधी यादी करायची, एका वेळी एकच गोल घ्यायचा, त्याच्यातून निघणाऱ्या प्रत्येक बाणावर बोट ठेवून टोकापर्यंत जायचं आणि 'A कडून B कडे ०.२' असं पूर्ण लिहायचं. वाकड्या बाणांच्या जोडीत आकडा सहसा आपल्या बाणाच्या बाहेरच्या बाजूला लिहिलेला असतो, पण हाताने काढलेल्या आकृतीत त्यावर भरवसा ठेवू नका, बेरीज काय म्हणते ते बघा. यादी पूर्ण झाली, प्रत्येक गोलाची बेरीज वाचलेल्या आकड्यांवरून १ आली, की मगच चौकटीत आकडे बसवायचे. याला दोन मिनिटं जास्त लागतात. नवशिक्यांना ही दोन मिनिटं जड जातात आणि नंतर तासभर तीच समीकरणं परत परत सोडवायला मात्र त्यांची तयारी असते, हे मला खरंच कळत नाही.

रो आणि कॉलमची गल्लत

दुसरी नेहमीची चूक. मॅट्रिक्स P मधे 'कुठून' हे रोमधे आणि 'कुठे' हे कॉलममधे लिहिलं, तर समीकरण πP = π असं आहे, म्हणजे प्रमाणांचा वेक्टर π डावीकडून गुणायचा. पण इतर गणितांमधे उजवीकडून गुणायची सवय लागलेली असते, म्हणून हात आपोआप Pπ = π लिहितो. मग A, B, C ची प्रमाणं a, b, c धरून पहिल्या रोवरून ०.६a + ०.२b + ०.२c = a असं समीकरण मांडलं जातं आणि तिन्ही सोडवल्यावर उत्तर येतं १/३, १/३, १/३.

हे उत्तर बघून खूप जण खूश होतात कारण ते सुबक दिसतं. पण रोची बेरीज १ असलेल्या कुठल्याही मॅट्रिक्सला उजवीकडून सगळे समान आकडे घातले तर ते बसतातच, त्यात तुमच्या डायग्रामचा काही संबंधच नाही. त्यामुळे सगळी प्रमाणं सारखी आली की थांबा आणि कॉलमच्या बेरजा करा. कॉलमच्या बेरजाही सगळ्या १ असतील तरच समान उत्तर खरं. आपल्या उदाहरणात त्या ०.८, १.१ आणि १.१ आहेत, म्हणजे समान उत्तर येणं शक्यच नाही.

मी तर समीकरणं मॅट्रिक्सवरून मांडतच नाही, थेट बाणांवरून मांडतो. एका गोलातून बाहेर जाणारं एकूण आणि आत येणारं एकूण सारखं, बस. A मधून बाहेर जातात ०.२ आणि ०.२, आत येतो फक्त B कडून ०.२, म्हणून ०.४a = ०.२b, म्हणजे b हा a च्या दुप्पट. C मधून बाहेर ०.४, आत A कडून ०.२ आणि B कडून ०.३, म्हणून ०.४c = ०.२a + ०.३b. b च्या जागी २a घातलं की उजवी बाजू ०.८a होते, म्हणजे c पण a च्या दुप्पट. प्रमाण १ : २ : २, बेरीज ५, झालं उत्तर, ०.२, ०.४, ०.४. यात लूप येतच नाहीत कारण स्वतःकडे परत येणारा बाण आतही मोजला जातो आणि बाहेरही. आणि म्हणूनच लूपचा आकडा फोटोतून वेगळा वाचून ठेवायचा, समीकरणात त्याचं काम नसलं तरी तपासणीत तोच उपयोगी पडतो.

B चं समीकरण मी वापरलं नाही, ते शेवटी ताळ्यासाठी ठेवायचं. ०.५b डावीकडे, ०.२a + ०.४c उजवीकडे, १, २, २ घातलं तर दोन्हीकडे १ येतं. तिन्ही समीकरणं वापरून बसलात तर ० = ० येतं आणि लोक घाबरतात, पण तिसरं समीकरण पहिल्या दोघांतूनच निघतं, त्यात नवीन माहिती नसते. तिसरी अट a + b + c = १ हीच.

कॉम्प्युटरवर टाकून मोकळं होणं

टाका, माझी काही हरकत नाही, पण यादी करून झाल्यावर.

```python
import numpy as np
P = np.array([[0.6, 0.2, 0.2],
              [0.2, 0.5, 0.3],
              [0.0, 0.4, 0.6]])
print(P.sum(axis=1))
print(np.linalg.matrix_power(P, 50))
```

पहिल्या ओळीत तीन वेळा १ आणि खाली P च्या पन्नासाव्या घातात तिन्ही रो सारख्याच, म्हणजे ०.२, ०.४, ०.४ दिसल्या पाहिजेत. हाताने घात काढणारे मधेच थांबतात, ते करू नका. चौथ्या घाताला A पासून सुरुवात केलेल्या रोमधे A चा आकडा अजून ०.२५ असतो, ०.२ नाही. आणि `np.linalg.eig` वापरणार असाल तर `P.T` द्या, नाहीतर वरचीच १/३ वाली चूक कॉम्प्युटर तुमच्यासाठी करून देईल.

थोडक्यात बाकीच्या

आत येणारे बाण मोजून 'B कडे जास्त बाण येतात म्हणून B जास्त' असं उत्तर लिहू नका. बाण किती आहेत यावर काही ठरत नाही, ज्या स्टेटकडून तो बाण येतो तिथे मुळात किती वेळ जातो ते महत्त्वाचं.

एखाद्या गोलात दुसऱ्या कुठूनच बाण येत नसेल आणि त्यातून बाहेर मात्र जात असेल, तर त्याचं प्रमाण शून्य, समीकरण मांडायचीही गरज नाही.

फोटोत दोन गोल असे दिसले की ज्यांच्यावर फक्त १ चा लूप आहे, तर एकच ठराविक उत्तर नसतं, सुरुवात कुठून केली त्यावर ते बदलतं. तिथे प्रश्नात सुरुवातीची स्टेट दिलेली असते, ती फोटोत कापली गेली नाही ना ते बघा.

A कडून B कडे १ आणि B कडून A कडे १ अशी आकृती असेल तर घात काढत बसलात तर मॅट्रिक्स कधीच स्थिर होणार नाही, आलटून पालटून दोनच रूपं दिसतील. म्हणून 'उत्तर अस्तित्वात नाही' असं लिहून गुण घालवणारे बरेच आहेत. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि अर्धा वेळ इथे अर्धा वेळ तिथे हे प्रमाण अगदी स्पष्ट आहे, समीकरणही १/२, १/२ हेच देतं. स्थिर होत नाही ती गोष्ट वेगळी, म्हणजे बऱ्याच पायऱ्यांनंतर नेमक्या त्या क्षणी A मधे असण्याची प्रोबॅबिलिटी.