ट्रायेजमध्ये रंग दिला, पण पेशंटला परत कधी बघणार?

कॅज्युअल्टीत पहिल्यांदा ट्रायेज डेस्कवर बसणाऱ्यांसाठी लिहितोय. चार्ट भिंतीवर लावलेला असतो, रंग आणि आकडे थोड्या दिवसांत पाठही होतात, पण नवीन माणूस रंगाची पट्टी बांधली की मोकळा होतो आणि त्या पेशंटला परत कधी तपासायचं याचा विचारच करत नाही. आत बेडवर कुणी बिघडलं तर चार जणांच्या लक्षात येतं, बाहेर बाकावर बसून बिघडणाऱ्याकडे बघायला फक्त तुम्हीच असता.

चार्ट वेगवेगळे असतात, मी साउथ आफ्रिकन ट्रायेज स्केलवर काम केलंय म्हणून तोच धरून सांगतो. त्यात मोठ्या माणसाच्या सात गोष्टींना पॉइंट मिळतात: चालत आला की आधाराने की स्ट्रेचरवर, श्वास, पल्स, वरचं बीपी, ताप, शुद्ध, आणि मार लागलाय का. बेरीज 7 किंवा जास्त आली तर लाल, म्हणजे लगेच आत. 5-6 ला ऑरेंज, 10 मिनिटांत डॉक्टरने बघायचं. 3-4 ला पिवळा, एका तासात. त्याच्या खाली हिरवा, तो चार तासांपर्यंत थांबू शकतो. बेरजेच्या आधी धोक्याची लक्षणं बघायची हे मात्र विसरू नका, कारण छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचे पॉइंट शून्य आले तरी तो ऑरेंजच असतो, आणि शुगर 54 च्या खाली असेल तर बेरीज करत न बसता सरळ लाल.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. पंचावन्न वर्षांच्या बाई, डायबेटिस आहे, दोन दिवस ताप आणि एका बाजूला कमरेच्या वर दुखतंय, मुलाचा हात धरून आल्या. पल्स 112, बीपी 108, ताप 38.1, शुद्धीत आहेत, नीट बोलतायत, शुगर 210. श्वास कार्डावर 18 लिहिलाय. आधाराने चालतात त्याचा 1, पल्सचे 2, श्वासाचा 1, बीपी आणि तापाला शून्य. एकूण 4, पिवळा. वरवर सगळं बरोबर वाटतं.

पण तो 18 आला कुठून? गर्दीत कुणीही श्वास मोजत नाही हो, नजर टाकतात आणि 18 नाहीतर 20 लिहून टाकतात, कुठल्याही कॅज्युअल्टीतली जुनी कार्डं काढून बघा, अर्ध्या गावाचा श्वास 18 सापडेल. बाकी सगळं मशीन सांगतं, श्वास तेवढा माणसाला मोजावा लागतो म्हणून तोच राहतो. या बाईंचा नीट मोजला असता तर 24 निघाला असता, आणि 21 ते 29 ला 2 पॉइंट आहेत, म्हणजे बेरीज 5 आणि रंग ऑरेंज. एका पॉइंटने एका तासाची दहा मिनिटं झाली असती. मोजायची पद्धत सोपी आहे, मनगटावर बोटं ठेवून पल्स बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवायची, कारण श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. पूर्ण मिनिट मोजा, फारच घाई असेल तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा, पण पंधरा सेकंदांना चारने गुणू नका, एक श्वास इकडचा तिकडे झाला की आकडा चारने हलतो.

आणि ताप 38.1 कसा, तर निघण्याआधी घरी पॅरासिटामॉल घेतली होती. चार्टवर तापाचे 2 पॉइंट 38.5 पासून सुरू होतात त्यामुळे गोळीने ते दोन्ही खाल्ले. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते विचारून कार्डावर लिहायचं.

तरीही समजा त्या पिवळ्यातच बाकावर बसल्या. इथे परत तपासण्याची वेळ कामाला येते. आमच्याकडे ठरलेलं होतं की लाल सतत मॉनिटरवर, ऑरेंज दर 10-15 मिनिटांनी, पिवळा दर 30 मिनिटांनी, हिरवा तासाने. कॅनडाच्या स्केलमध्ये थांबण्याची मर्यादा तीच परत बघण्याचीही वेळ असते, दुसऱ्या पातळीला 15 मिनिटं, तिसरीला 30, चौथीला 60, पाचवीला 120. तुमच्याकडे जे असेल ते पाळा, फक्त कार्डावर 'अर्ध्या तासाने' असं लिहू नका, घड्याळातली वेळ लिहा: 'पुढचं चेक 3:10'. डेस्कवर माणूस बदलला की 'अर्धा तास' कुठून धरायचा ते कुणालाच माहीत नसतं.

3:10 ला बाईंना परत बघितलं तर पल्स 124, श्वास 28, बीपी 96, ताप 38.7, आणि बसवत नाही म्हणून आडव्या झाल्यात, उठवत नाहीये. पल्सचे 2, श्वासाचे 2, बीपीचा 1, तापाचे 2, स्ट्रेचरचे 2. बेरीज 9, लाल. यातला एकेक आकडा सुटा बघितला तर कुणी धावत सुटणार नाही, 96 बीपीला तर 'बारीक बाई आहेत, असेल नेहमीचं' म्हणून सोडून देणारे पण भेटतात. पहिल्या आकड्यांच्या शेजारी दुसरे लिहिले की मात्र दिशा दिसते: अर्ध्या तासात पल्स वर, श्वास वर, बीपी खाली. किडनीचं इन्फेक्शन रक्तात पसरत असेल तर असंच दिसतं, आणि मध्ये खडा अडकला असेल तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, अडकलेली लघवी बाहेर काढावी लागते, म्हणजे एक तास वाट बघणं परवडणारं नव्हतं. म्हणून दुसरे आकडे वेगळ्या कागदावर नकोत, त्याच कार्डावर पहिल्याच्या बाजूला हवेत.

काही पेशंटमध्ये चार्ट फसतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची पल्स रक्त गेलं तरी 85 च राहू शकते, त्यामुळे औषधांची पिशवी उघडून बघा. ज्याचं बीपी कायम 170 असतं त्याला 110 म्हणजे कमीच, पण चार्ट त्याला शून्य पॉइंट देतो. तरुण माणूस बीपी बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. बोटं गार असतील तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, आधी स्क्रीनवर लाट नीट येतेय का बघा. लहान मुलांना मोठ्यांचा चार्ट अजिबात लावायचा नाही, तीन वर्षांखालच्यांचा वेगळा आणि तीन ते बाराचा वेगळा असतो.

ठरलेल्या वेळेआधी परत बघायचे प्रसंगही आहेत. नातेवाईक दुसऱ्यांदा येऊन 'जरा बघा ना' म्हणाला, पेशंट मघाशी बोलत होता आणि आता गप्प झालाय, उलटी झाली, किंवा एक्स-रेला पाठवायचंय, तर आधी आकडे घ्या आणि मगच हलवा.

रंग वर चढवायला आमच्याकडे सिस्टर असो की इंटर्न, कुणालाच विचारावं लागत नव्हतं, उतरवायचा असेल तर डॉक्टरने पेशंट बघून सही करायची. सलाईनची एक बाटली गेली, पल्स 124 ची 104 झाली की बेड रिकामा करायचा मोह होतो, पण सलाईन थांबल्यावर ती परत चढू शकते, त्यामुळे पुढचे दोन चेक होईपर्यंत पट्टी लालच ठेवायची.