बर्फाळ थंडीत चार्ज असूनही बंद पडलेला फोन कसा ऊबवावा

पडद्यावर ४० टक्के चार्ज दिसत असताना उंचावरच्या गोठवणाऱ्या थंडीत फोन एकाएकी बंद पडतो, तेव्हा बॅटरी रिकामी झालेली नसते आणि बहुधा बिघडलेलीही नसते. शून्याखाली गेलेल्या लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट आहे आणि कॅमेरा उघडल्यावर फोन दोन अँपिअर प्रवाह मागतो. उबदार खोलीत रोध ०.१ ओहम असेल, तर दाब ०.२ व्होल्टने उतरून ३.५ वर येतो आणि काम निभावते. थंडीत तोच रोध ०.३ ओहम झाला, तर दाब थेट ३.१ वर कोसळतो आणि ठरावीक मर्यादेखाली दाब गेल्याचे पाहून फोन स्वतःला बंद करतो. टक्केवारी मुख्यतः बॅटरीत किती विद्युतभार उरला आहे याचा हिशेब मांडते. तो भार या क्षणी बाहेर काढता येईल की नाही, हे ती नीट सांगू शकत नाही.

म्हणून सर्वप्रथम चालू करण्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे थांबवावे. सुरू होताना फोन बराच प्रवाह ओढतो आणि गारठलेली बॅटरी तेवढ्यानेच पुन्हा मान टाकते.

यानंतर ऊब देण्याचा टप्पा येतो आणि मी सर्वांत जास्त चुका इथेच केल्या आहेत. एकदा चढ संपताच घामाने भिजलेल्या बनियनच्या आत फोन थेट अंगाला लावून ठेवला. अर्ध्या तासाने तो सुरू झाला खरा, पण कॅमेऱ्याच्या भिंगाच्या आतून धुके धरले होते. दमट हवा गार वस्तूला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते फोनच्या आतही होऊ शकते. तेव्हापासून मी बाहेरच्या कोरड्या थंड हवेतच फोन झिपच्या पिशवीत घालतो, हवा दाबून काढतो, झिप घट्ट लावतो आणि मगच ती पिशवी सुक्या मोज्यात गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगापासून एक थर दूर ठेवतो. आता पाणी जमलेच तर ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमते. तंबूत किंवा खोलीत शिरतानाही हाच क्रम पाळावा आणि फोन पूर्ण ऊबेपर्यंत पिशवी उघडू नये.

स्टोव्हजवळ धरणे, गाडीच्या हीटरच्या झोतासमोर ठेवणे किंवा गरम पाण्याच्या बाटलीला चिकटवणे हे उपाय सुचवणाऱ्यांनी बहुधा स्वतःचा फोन त्यासाठी वापरलेला नसतो. काच आणि कडा चटकन तापतात, बॅटरी मात्र आत गारच राहते. शिवाय एका बाजूने जास्त तापलेल्या बॅटरीचे कायमचे नुकसान होते. हँड वॉर्मरची पुडीही फोनला थेट लावू नये, कारण ती ५० अंशांच्या वर जाऊ शकते. शरीराची ऊब संथ असते आणि इथे तोच तिचा गुण आहे. वीस ते तीस मिनिटे द्यावीत. पिशवीसह फोन मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा आणि गार लागेनासा झाल्यावरही आणखी दहा मिनिटे थांबावे, कारण बाहेरील आवरण आधी ऊबते आणि बॅटरी मागून.

या मधल्या वेळेत पॉवर बँक जोडण्याचा मोह हमखास होतो, परंतु तो टाळलाच पाहिजे. शून्य अंशाखालील बॅटरी चार्ज केली, तर लिथियम बॅटरीच्या ऋण टोकातील ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू शकते. त्याने क्षमता कायमची घटते आणि पुढे बॅटरीच्या आतच शॉर्ट सर्किट होण्याचा धोका वाढतो. बरेच फोन अशा वेळी चार्जिंग नाकारतात, पण त्यावर विसंबू नये. पॉवर बँकेतही याच जातीची बॅटरी असते, म्हणून तीही ऊबेत ठेवावी.

फोन ऊबला की चालू करावा, लगेच एअरप्लेन मोड लावावा आणि पडद्याचा उजेड कमी करावा. तातडीने कोणाशी संपर्क साधायचा असेल, तर अर्थातच एअरप्लेन मोड लावू नये. बंद पडताना ४० टक्के होते आणि आता ३७-३८ दिसत असतील, तर दोष थंडीचाच होता. ऊबलेला असतानाही टक्केवारी एकदम खाली घसरली किंवा कॅमेरा उघडताच फोन पुन्हा बंद पडला, तर बॅटरी जुनी झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या बॅटरीचा रोध मुळातच वाढलेला असतो आणि ऊब दिल्याने तो पहिल्यासारखा होत नाही. परतल्यावर ती बदलून घ्यावी.