स्लाइडच्या फोटोतला मजकूर उतरवताना तळटीप आधी

रावेरला केळीच्या एका शिबिरात मागच्या रांगेतून काढलेला स्लाइडचा फोटो चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मजकूर टाइप करून गटात टाकायचा होता. मी आधी त्याला मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत पाठवायला सांगितला. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी तळटीप जाते. फोटो मोठा करून पाहा. अनुस्वार आणि दशांशचिन्ह डोळ्यांना दिसत नसेल तर फोटोतला मजकूर वाचणाऱ्या गूगल लेन्सलाही दिसणार नाही.

मग फोटो क्रॉपमध्ये सरळ करा. बाजूने काढलेल्या फोटोत डावी कड तिरपी असते आणि कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते कळत नाही. त्यानंतर दोन तुकडे करा: शीर्षक आणि मुद्दे एका तुकड्यात, तळटीप दुसऱ्यात. दोन्ही वेगवेगळे गूगल लेन्समध्ये उघडून मजकूर कॉपी करा.

आमच्या हाती आलं ते असं:

केळी लागवड : अंतर आणि
झाडांची संख्या
• लागवडीचे अंतर
० १५ x १.५१ मीटर
० १.८ x १.५ मीटर

शीर्षक दोन ओळींत तुटलं, ते जोडलं. ‘०’ हे शून्य नव्हे, उपमुद्द्याचा पोकळ गोल आहे. तो तसाच ठेवला तर आकडा वाटतो, म्हणून आधी पुसा. कॉपी करताना ओळींचं आत सरकणंही जातं. फोटोच्या डाव्या बाजूला कागदाची सरळ कड उभी धरा: एकाच रेषेत सुरू होणाऱ्या ओळी एकाच पातळीच्या. ज्या ओळीपुढे खूणच नाही, ती बहुधा वरच्या ओळीचीच शेपटी. गूगल डॉक्समध्ये बुलेट लावून उपमुद्द्यावर टॅब दाबा.

आता ‘१.५१’. शेवटचा १ हा तळटीपेचा वर चढवलेला बारीक आकडा होता, तो मापाला चिकटला. आणि पहिल्या मापातला दशांश गळून १५ झालं. तळटीप वेगळी वाचली तेव्हा मिळालं : ‘१ हेक्टरी ४४४४ झाडे’. इथे हिशेब कामाला आला. १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५ चौरस मीटर. हेक्टरचे १०,००० चौरस मीटर भागिले २.२५, म्हणजे सुमारे ४४४४. पंधरा मीटरवर खोड लावलं असतं तर हेक्टरी साडेचारशेही बसली नसती!

असा हिशेब प्रत्येक स्लाइडवर जमत नाही. तिथे निदान आकडे, घ-ध आणि भ-म फोटोशी एकेक करून ताडून पाहा. तळटीपेचा आकडा मूळ जागी चढवायचा असेल तर गूगल डॉक्समध्ये तो निवडून Ctrl + . दाबा. गटात साधाच मजकूर टाकायचा असेल तर मापाशेजारी कंसात ‘टीप १’ लिहिलेलं बरं, म्हणजे तो आकडा पुन्हा मापाला चिकटत नाही.