बायोडेटातला मुद्दा एका ओळीत बसवताना या चुका टाळा

गोदामात काम करणाऱ्या एखाद्याच्या बायोडेटात असा मुद्दा हमखास सापडतो:

• गोदामातील मालाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी सांभाळत असताना बारकोड स्कॅनिंगची पद्धत सुरू करण्यात महत्त्वाची भूमिका बजावली, ज्यामुळे महिनाअखेरच्या साठामोजणीला लागणारा वेळ ३ दिवसांवरून १ दिवसावर आला.

पानावर याच्या दोन-तीन ओळी होतात. मग कात्री चालते, आणि बहुतेक वेळा ती शेपटाकडून चालते:

• बारकोड स्कॅनिंगची पद्धत सुरू करण्यात महत्त्वाची भूमिका बजावली.

ओळ बसली, पण मुद्द्याचा जीवच गेला. मराठीत आपण आधी काम सांगतो आणि काय साधलं ते शेवटी. त्यामुळे मागून कापलं की पहिला बळी निकालाचा जातो. म्हणून आधी निकालाखाली रेघ मारा, त्याला हात लावायचा नाही असं ठरवा आणि कापायला सुरुवातीपासून घ्या. ‘जबाबदारी सांभाळत असताना’ गेलं तरी काही बिघडत नाही, कारण वर पदनाम लिहिलेलंच असतं. ‘महत्त्वाची भूमिका बजावली’ हे तर कुणीही कशाबद्दलही लिहू शकतो. ‘ज्यामुळे’चं काम ‘करून’ करतं. उरतं ते असं:

• बारकोड स्कॅनिंग सुरू करून महिनाअखेरची साठामोजणी ३ दिवसांवरून १ दिवसावर आणली.

‘वेळ आला’चं इथे ‘मोजणी आणली’ झालं, म्हणजे श्रेय थेट तुमच्याकडे आलं. ते खरंच तुमचं असेल तरच असं लिहा. चौघांनी मिळून केलं असेल, तर ‘चौघांच्या गटात’ हे दोन शब्द ठेवा, मुलाखतीत त्यावर प्रश्न येतोच.

आणखी आखूड करायच्या नादात ‘वेळ ६७ टक्के कमी’ असं करू नका. ३ वरून १ म्हटलं की काम केवढं होतं तेही कळतं. टक्केवारीत ते हरवतं.

आकडाच नसेल तर? तो बनवू नका. ‘नोंदी वहीतून एक्सेलमध्ये आणल्या, पुढच्या लेखापरीक्षणात एकही तफावत निघाली नाही’ हाही निकालच आहे.

शेवटचा एखादा शब्द खाली घसरला की बरेच जण अक्षरांचा आकार ११ वरून ९ करतात. त्यापेक्षा आधी रिकामी जागा बघा. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना २.५४ चा समास सोडला की जेमतेम १६ उरतात, आणि ठिपक्यामागचं इंडेंट त्यातूनही सेंटिमीटरभर खातं. ते अर्ध्यावर आणलं की एखादा छोटा शब्द सहज वर येतो. अक्षरं मोजून अंदाज मात्र बांधू नका. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरं सारखी जागा घेत नाहीत, त्यामुळे ओळ पानावरच तपासायची. आणि फाइल पीडीएफ करूनच पाठवा. समोरच्याच्या संगणकात तुमचा फॉन्ट नसला, तर वर्डमध्ये नीट बसलेली ओळ तिथे पुन्हा मोडते.