ग्लाइटत्साइटच्या शिल्लक तासांचा हिशेब: या चुका टाळा

१९६७ मध्ये म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील ब्योल्को या, पुढे मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोममध्ये विलीन झालेल्या, विमान कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना येण्याजाण्याची वेळ ठरावीक मर्यादेत स्वतः निवडू दिली आणि तिथून ‘ग्लाइटत्साइट’ ही लवचिक वेळेची पद्धत जर्मनीत रुजली. आज तिथल्या कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना ही पद्धत पहिल्याच आठवड्यात आवडते, पण तिचा हिशेब पहिल्या महिनाअखेरीस गोंधळात टाकतो. कंपनीच्या हजेरी पोर्टलवर दिसणारी शिल्लक, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त किंवा कमी झालेले तास, आणि आपल्या मनातली शिल्लक जुळत नाही, तेव्हा चूक बहुधा पुढीलपैकी एका ठिकाणी असते.

खालील उदाहरणांसाठी एक नमुना करार धरू. आठवड्याचे ३९ तास, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात रोजचे ७ तास ४८ मिनिटे. ज्या वेळेत केलेले काम मोजले जाते ती चौकट सकाळी ६ ते रात्री ८. सर्वांनी हजर असण्याची मुख्य वेळ ९ ते ३. आणि महिनाअखेरीस पुढे नेता येणारी कमाल शिल्लक अधिक ४० तास. हे आकडे प्रत्येक कंपनीत वेगळे असतात व ते व्यवस्थापन आणि कामगार परिषद यांच्यातील करारात लिहिलेले असतात. तो करार मागून घेऊन एकदा वाचावा. सहकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

दशांश आणि मिनिटे यांची सरमिसळ

वेतनपत्रकावर रोजचे काम ७.८ तास असे छापलेले असते आणि हजेरीच्या पडद्यावर तेच ७:४८ असे दिसते. जो ७.८ म्हणजे ७ तास ८ मिनिटे असे वाचतो, त्याच्या वहीत दररोज ४० मिनिटे फुकटची जमा होतात आणि वीस कामाच्या दिवसांत ती १३ तास २० मिनिटांवर जातात. एवढा फरक दिसला की बहुतेक जण यंत्रणेला दोष देतात, पण पहिला संशय या टिंबावर घ्यावा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सगळा हिशेब मिनिटांत ठेवणे. एक्सेलमध्ये बी स्तंभात येण्याची वेळ, सी मध्ये जाण्याची, डी मध्ये विश्रांतीची मिनिटे आणि ई मध्ये त्या दिवशी अपेक्षित असलेली मिनिटे, म्हणजे ४६८, लिहावीत. वेळेच्या स्वरूपातली उणे संख्या एक्सेल साधारणपणे दाखवत नाही, केवळ ##### अशी ओळ दाखवते. मिनिटांत ही अडचण येत नाही.

```
=ROUND((C2-B2)*1440,0)-D2-E2
```

८:०५ ला आलात, १७:०५ ला निघालात आणि ३० मिनिटे विश्रांती घेतलीत, तर उत्तर ४२ येईल. जर्मन एक्सेलमध्ये `ROUND` ऐवजी `RUNDEN` आणि स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. रजेच्या, आजारपणाच्या व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी वेळांचे रकाने रिकामे ठेवून ई मध्ये शून्य लिहावे. जमा तासांतून घेतलेल्या सुट्टीच्या दिवशी मात्र ४६८ तसेच ठेवावे, कारण तो दिवस शिल्लकीतून वजा व्हायलाच हवा. इथे शून्य लिहिणाऱ्याची शिल्लक पोर्टलपेक्षा नेमकी ७:४८ ने जास्त दिसते, आणि तेवढ्यावरूनच चूक ओळखता येते.

विश्रांतीची कपात विसरणे

जर्मन कायद्यानुसार सहा तासांपेक्षा जास्त कामाला किमान ३० मिनिटांची आणि नऊ तासांपेक्षा जास्त कामाला ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. जेवायला उठला नाहीत तरी यंत्रणा ती वेळ सहसा आपोआप कापते. अनेक यंत्रणांत ही कपात सरकती असते: हजेरीची साडेनऊ तास झाली की मोजलेले काम नऊ तासांवर पोहोचते आणि पुढची पंधरा मिनिटे काटा तिथेच थांबतो. त्यामुळे ९:३२ किंवा ९:४४ तास थांबणाऱ्या दोघांच्याही नावावर नऊच तास लागतात. ‘आणखी दहा मिनिटे थांबलो, पण जमा झालीच नाहीत’ ही तक्रार बहुधा याच पट्ट्यातली असते. शिवाय दहा तासांपुढचे काम कायदा सामान्यतः मान्य करत नाही, म्हणून ते शिल्लकीत न धरता वेगळ्या यादीत टाकणाऱ्या यंत्रणाही आहेत.

चौकटीबाहेरचे काम

ही चूक पुण्याच्या संघाबरोबर काम करणाऱ्यांना विशेष भोवते. भारतात सकाळी १० वाजता ठरलेली बैठक जर्मनीत उन्हाळ्यात ६:३० ला येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली की तीच बैठक ५:३० ला सुरू होते आणि पहिला अर्धा तास चौकटीबाहेर पडतो. पंचिंग ५:३० चे दिसते, मोजणी ६ पासून होते. बैठक अर्धा तास पुढे ढकलणे किंवा वरिष्ठांकडून त्या वेळेची आगाऊ लेखी मंजुरी घेणे, एवढेच मार्ग उरतात. रात्री उशिरा अमेरिकेशी बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: काम संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती लागते, म्हणून रात्री साडेनऊला बोलणे संपले तर दुसऱ्या दिवशी साडेआठच्या आधी पंचिंग करू नये.

महिनाअखेरीची कात्री

सर्वाधिक तास इथे जातात. समजा महिन्याची सुरुवात अधिक ३३:४० ने झाली आणि महिनाभरात ११:२५ जमले. एकूण ४५:०५ होतात. मर्यादा ४० ची असल्याने अखेरीस ५:०५ कापले जातात. याच कर्मचाऱ्याने २७ तारखेला एक दिवस जमा तासांतून सुट्टी घेतली असती, तर ७:४८ वजा होऊन ३७:१७ उरले असते आणि काहीच कापले गेले नसते. तीच सुट्टी पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला घेतली, तर आधी ४० वर कात्री लागते व मग ७:४८ वजा होऊन ३२:१२ उरतात. सुट्टीचा अर्ज आधीच मंजूर होता, याने काहीही फरक पडत नाही. सुट्टी कोणत्या महिन्यात पडते, एवढेच पाहिले जाते.

म्हणून महिन्याच्या २० तारखेला एकदा अंदाज करावा: आजची शिल्लक, उरलेल्या दिवसांत जमणारे तास आणि मर्यादा. कात्री महिनाअखेरीस लागते, तिमाहीस की वर्षाअखेरीस, हे करारात तपासावे. वरिष्ठांनी सांगून करून घेतलेले जादा काम या खात्यात मिसळू देऊ नये. ते जादा काम म्हणूनच वेगळे नोंदवून घ्यावे, नाहीतर तेही कात्रीखाली येते.

शिल्लक आहे म्हणून मुख्य वेळेत बाहेर

खात्यात ३० तास असले तरी ९ ते ३ मध्ये न सांगता बाहेर जाणे हा नियमभंगच ठरतो. जमा तास अनुपस्थितीची भरपाई करतात, तिला परवानगी देत नाहीत. जमा तासांतून सुट्टी घेतलेल्या दिवशी आजारी पडल्यास काय होते, हेही आधी माहीत असावे: वार्षिक रजेत आजारी पडल्यास वैद्यकीय दाखल्यावर ते दिवस परत मिळतात, पण जमा तासांतून घेतलेल्या दिवसाचे तास, कंपनीच्या करारात वेगळे काही नसेल तर, साधारणपणे परत मिळत नाहीत.

फरक सापडत नसेल तर

एकूण शिल्लक पाहत बसू नये. पोर्टलवरून महिन्याचे पत्रक उतरवून आपल्या तक्त्याशेजारी ठेवावे आणि फरक पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसतो ते शोधावे. फरक १५ किंवा ३० मिनिटांचा असेल तर विश्रांतीची कपात, ७:४८ चा असेल तर सुट्टीची चुकीची नोंद, आणि मोठा व अनियमित असेल तर विसरलेले पंचिंग, हा क्रम धरून तपासावे. विसरलेल्या पंचिंगची दुरुस्ती त्याच महिन्यात, पत्रक बंद होण्याआधी मागावी. नंतर ती मंजूर झालीच तर कोणत्या महिन्यात धरली गेली आणि कात्रीचा हिशेब पुन्हा केला का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.