‘सोमवारपासून साडेसहा’: शिफ्ट बदलाच्या मेलमध्ये माझं काय लिहायचं राहिलं

टीम लीड होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. हिंजवडीतलं ऑफिस, ॲप्लिकेशन सपोर्टची चौदा जणांची टीम, आणि अमेरिकेच्या पूर्व भागातला क्लायंट, गोदामांतून माल रवाना करणारा. आमची शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लायंटने कळवलं, की त्यांची गोदामं चालू असतात तो सगळा वेळ, म्हणजे त्यांच्या सकाळी ८ ते संध्याकाळी ५, सपोर्टची टीम लाइव्ह पाहिजे.

मी हिशोब केला. त्यांच्यात आणि आपल्यात साडेदहा तासांचा फरक, म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. माझ्या सीनियरने सल्ला दिला, ‘क्लायंट रिक्वायरमेंट आहे एवढंच लिही, मग कुणी काही विचारत नाही.’ गुरुवारी, १६ फेब्रुवारीला, मी चार ओळींचा मेल टाकला: क्लायंटच्या गरजेनुसार सोमवार २० तारखेपासून शिफ्ट ६:३० ते ३:३०, सर्वांनी सहकार्य करावं.

नव्याने लीड झालेल्यांसाठी हे लिहितोय ते त्या मेलमुळे. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच: एचआरला आधी कळवायचं, कॅबचा रोस्टर बदलायचा, नाइट अलाउन्सचं विचारून ठेवायचं. मी अडकलो ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

तीन आठवडे सगळं ठीक चाललं. सोमवारी १३ मार्चला मी साडेसहाच्या लॉगिनच्या हिशोबाने कॅबमध्ये होतो. वाकडच्या पुलाजवळ गाडी अडकलेली, सहाला दहा कमी, आणि फोन वाजला. क्लायंटची मॅनेजर. गोदामात लेबल छापायचं बंद पडलं होतं, पी-वन तिकीट टाकून वीस मिनिटं झाली होती आणि आमच्याकडून कुणीच उचललं नव्हतं. मी म्हणालो, आमची शिफ्ट अजून सुरू व्हायची आहे. ती म्हणाली, इथे आठ वाजून वीस मिनिटं झालीत.

आदल्या दिवशी, रविवारी १२ मार्चला, अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली होती.

हे नीट समजून घ्या, कारण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टीमचं असं होतं. आपलं घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे न्यूयॉर्कशी आपला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे फेब्रुवारीत आपले साडेसहा, आणि मार्चच्या मध्यापासून साडेपाच. क्लायंटच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं, त्यांचे आठ ते आठच. म्हणून तिकडून मेल येईल याची वाट पाहू नका, तो येत नाही.

क्लायंट इंग्लंडमधला असेल तर बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दोन्हीकडचे क्लायंट सांभाळणाऱ्या टीमला मार्चमधले ते मधले दोन-तीन आठवडे स्वतंत्र लिहून काढावे लागतात. आणि ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ हलतच नाही. म्हणून क्लायंटला टाइमझोन विचारू नका, शहर विचारा. तिकडचे लोक भर जुलैतही सवयीने ‘ईएसटी’ लिहितात. ते अक्षरशः धरलं तर हिवाळ्याची वेळ निघते, त्यांना म्हणायची असते उन्हाळ्याची. आउटलुकमधली `(UTC-05:00) Eastern Time (US & Canada)` ही ओळही उन्हाळ्यात तशीच दिसते. आत हिशोब बरोबर होतो, पण त्या उणे पाचवरून तोंडी गणित केलंत तर एक तास चुकलाच.

गणित तोंडी करूच नका. लिनक्स मशीन हाताशी असेल तर हे चालवून बघा:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/New_York" 2023-03-13 08:00'
```

उत्तरात १७:३० येतं. तारीख बदलून १० मार्च टाका, १८:३० येईल. ही दोन उत्तरं मी १६ फेब्रुवारीला शेजारी शेजारी पाहिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या सोमवारची खरी चूक मात्र मी रात्री केली. घाबरून टीमच्या ग्रुपवर टाकलं, ‘उद्यापासून लॉगिन साडेपाच.’ टीममधल्या एका सहकारी मैत्रिणीचा लगेच फोन आला. तिच्या मुलाची शाळेची बस साडेचारला सोसायटीच्या गेटवर येते. साडेसहाच्या लॉगिनला कॅब सव्वापाचला यायची. तेवढ्या वेळात मुलाला खाऊ घालून, शेजारी सोपवून ती निघायची. आता कॅब सव्वाचारला, म्हणजे बसच्या आधी पंधरा मिनिटं. ती चिडली नव्हती. तिने एवढंच विचारलं, ‘अरे, हे तुला फेब्रुवारीत माहीत नव्हतं का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळ बदलण्याची तारीख कधीपासून ठरलेली होती. मुलाला बसवरून घेणारं पाळणाघर तिला मिळेपर्यंत मी मॅनेजरशी बोलून दोन आठवडे तिचं घरून लॉगिन ठरवलं. कॅबवाल्यालाही नवा रोस्टर दोन दिवस आधी लागत होता, त्यामुळे मंगळवार-बुधवारी निम्मे लोक स्वतःच्या गाड्यांनी आले आणि पहाटे अडीचला त्याच गाड्या चालवत घरी गेले. ते मला आजही बरोबर वाटत नाही.

आता तसा मेल मी कसा लिहितो ते सांगतो. मेल इंग्रजीतच जातो, आशय असा:

‘न्यूयॉर्कच्या घड्याळाने सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ५ आपण हजर असायचं आहे. भारतीय वेळेने, २० फेब्रुवारी ते १० मार्च: संध्याकाळी ६:३० ते पहाटे ३:३०. १३ मार्च ते ३ नोव्हेंबर: संध्याकाळी ५:३० ते पहाटे २:३०. ६ नोव्हेंबरपासून पुन्हा ६:३०. शुक्रवारची शिफ्ट शनिवारी पहाटे संपेल. प्रत्येक टप्प्याची कॅबची वेळ सोबत जोडली आहे. अडचण असेल त्यांनी बुधवारपर्यंत मला थेट सांगावं, त्यानंतरच रोस्टर पक्का होईल.’

आधी क्लायंटची वेळ, मग आपली, आणि आपली वेळ तारखांच्या टप्प्यांत. बदल अमेरिकेत रविवारी पहाटे दोनला होतो, तेव्हा आपल्याकडे रविवारचे मार्चमध्ये दुपारचे साडेबारा आणि नोव्हेंबरमध्ये सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या टीमला शुक्रवारची शिफ्ट जुन्या वेळेने आणि सोमवारची नव्या वेळेने, इतकं सरळ असतं. सात दिवस चालणाऱ्या टीमने शनिवारची शिफ्ट जुन्या वेळेने आणि रविवारची नव्या वेळेने, असं वेगळं लिहावं. शनिवार पहाटेचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ‘सोमवार ते शुक्रवार’ वाचून लोक शनिवारी सकाळची गावची गाडी बुक करतात.

मेलच्या आधी मात्र दोन कामं होतात, आणि ती मेलपेक्षा महत्त्वाची आहेत असं माझं ठाम मत आहे.

पहिलं म्हणजे प्रत्येकाशी आधी पाच मिनिटं समोरासमोर बोला. ‘मला अडचण आहे’ हे चौदा जणांच्या मेलवर कुणी लिहीत नाही. आमच्यात एकाच्या वडिलांचं डायलिसिस सकाळी सातला असायचं. पहाटे घरी पोचून तो न झोपता त्यांना घेऊन जात होता, आणि मला हे महिन्याभराने कळलं. महिला सहकाऱ्यांच्या बाबतीत तर हा सौजन्याचा प्रश्नच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतल्या कामासाठी त्यांची संमती लागते, आणि सुरक्षितता व घरापर्यंतच्या वाहनाची सोय कंपनीने करायची असते. नेमणूकपत्रात ‘शिफ्ट बदलू शकते’ असं वाक्य आहे म्हणून ही संमती गृहीत धरू नका. एचआरमार्फत ती लेखी घ्या, आणि मेलच्या आधी घ्या.

दुसरं काम म्हणजे क्लायंटला एक प्रश्न: या नऊ तासांत नेमकं काय अडतं? फेब्रुवारीत मी हा प्रश्न विचारलाच नाही. नव्या लीडला वाटतं, विचारलं तर आपण कामाला नाही म्हणतोय असं दिसेल. तसं दिसत नाही. मार्चच्या गोंधळानंतर मी तीन महिन्यांची तिकिटं काढून त्यांच्या तासांप्रमाणे मांडली. बहुतेक तातडीची तिकिटं त्यांच्या सकाळच्या पहिल्या चार तासांत येत होती, ट्रक भरायची वेळ तीच. दुपारनंतर तुरळक. मी तो तक्ता घेऊन त्या मॅनेजरशी बोललो. तिने पंधरा मिनिटांत मान्य केलं, की एप्रिलपासून आठ जण दीड ते साडेदहा आणि सहाच जण उशिराच्या शिफ्टला. आठ जणांची झोप दीड महिना मी उगाच मोडली होती.

तक्ता करताना तिकिटाची वेळ कुठल्या टाइमझोनमध्ये दिसतेय ते आधी बघा. आमच्या टूलमध्ये ती बघणाऱ्याच्या प्रोफाइलप्रमाणे दिसायची, आणि माझा पहिला तक्ता त्यामुळे फेकून द्यावा लागला.

‘क्लायंट रिक्वायरमेंट’ हे दोन शब्द लिहून मोकळं व्हायला सांगणारे सीनियर तुम्हालाही भेटतील. त्यांचं ऐकू नका. गोदामात सकाळी ट्रक उभे राहतात, लेबल अडलं तर माल अडतो, हे टीमला सांगितलं तर लोक स्वतःहून वेळा सुचवतात. आमच्यात तसं झालं. उशिराच्या शिफ्टला सहापैकी चार जण आपणहून आले, एकाला दिवसा क्लास लावायचा होता म्हणून.

घाबरून जाऊ नका. एक चुकीचा मेल दुरुस्त होतो, क्लायंटची नाराजीही दोन आठवड्यांत निवळते. फक्त दुरुस्तीचा मेल ‘उद्यापासून’ नको. निदान दोन आठवडे द्या, आणि तोवर मधला एक तास स्वतः उचला. १३ मार्चच्या त्या आठवड्यात मी साडेपाचला घरून एकटा बसलो असतो तरी चाललं असतं, ते सुचलं नाही.

त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला, घड्याळ मागे जायच्या दोन आठवडे आधी, मी आठवणीचा मेल पाठवला: सोमवार ६ नोव्हेंबरपासून उशिराची शिफ्ट पुन्हा साडेसहाला, कॅब एक तास उशिरा, सोबत रोस्टर. त्या मैत्रिणीचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘कॅलेंडरवर मार्चपासूनच लिहून ठेवलंय. पाळणाघरालाही सांगितलंय, नोव्हेंबरपासून बसवरून त्याला मीच घेणार.’